वजनं उचलतेय, पण दम पुरत नाही: ट्रेडमिलचा चढ घ्यावा की जिने?

मेघना_व

नमस्कार मंडळी. मी पुण्यात आयटीत नोकरी करते. वय ३६, उंची पाच फूट तीन इंच, वजन ७४ किलो. तीन महिन्यांपासून जिमला जातेय. सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनं उचलते. स्क्वॉट ४० किलोवर आहे, डेडलिफ्ट ५० वर, बेंच आणि रोइंग त्या मानाने हलकं. ताकद वाढतेय, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण दमाची आहे. स्क्वॉटच्या सेटमध्ये सहाव्या-सातव्या रेपला मांड्यांमध्ये जीव शिल्लक असतो, पण श्वास संपतो. दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं थांबूनही पुढचा सेट धापा टाकतच सुरू होतो. ट्रेनर म्हणतो पळ. पळून पाहिलं, तर नडगीचं हाड दुखायला लागतं आणि दुसऱ्या दिवशीचा स्क्वॉट बिघडतो.

जिममध्ये १५ पर्यंत चढ देणारी ट्रेडमिल आहे आणि फिरत्या पायऱ्यांचं एक मशीनही आहे. मैत्रीण ते १२-३-३० करते, म्हणजे १२ चा चढ, ताशी ३ मैल, ३० मिनिटं. मीही केलं. पूर्ण झालं, पण दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून. हे बरोबर आहे का? किती करावं, कधी करावं, आणि पायांच्या व्यायामावर पाणी तर पडणार नाही ना? वजन कमी करणं हा सध्या मुद्दा नाही.

पैलवान_सातारा

ताई, कार्डिओ जपून करा, मसल खातो. बारा वर्षं लोखंड उचलतोय, डोळ्यांनी पाहिलंय. मुलं तासतासभर ट्रेडमिलवर आणि मांड्या काठीसारख्या. दम वाढवायचा तर सेटमधली विश्रांती तीनवरून दीड मिनिटावर आणा. आणि चढ लावायचाच तर सरळ १२ लावा, मग पायांचा वेगळा व्यायाम करायची गरजच नाही. दांडा धरला तर काही बिघडत नाही, पडण्यापेक्षा बरं.

सुहास_टीएमटी

मेघनाताई, मी हृदयरोग विभागात टीएमटी करतो, म्हणजे छातीला तारा लावून माणसाला ट्रेडमिलवर चालवतो. त्यामुळे चढ आणि दांडा या दोन्ही गोष्टी रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

आधी दांडा. टीएमटीत ब्रूस पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते. तिच्यात दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, दुसरा ताशी ४ किमी आणि १२ टक्के, तिसरा ताशी साडेपाच आणि १४ टक्के. आता तुमचं १२-३-३० बघा. ताशी ३ मैल म्हणजे ४.८ किमी, चढ १२ टक्के. म्हणजे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधोमध बसतं. ज्या टप्प्यांवर आम्ही माणसाला तीन-तीन मिनिटंच ठेवतो, तिथे ही पद्धत अर्धा तास चालायला सांगते. सरावलेल्या माणसाला जमतं. तीन महिन्यांपूर्वी सुरुवात केलेल्याला ते दांडा धरूनच जमतं, कारण दांडा धरला की ते १२ राहतच नाही.

आमच्याकडे पेशंटने दांडा घट्ट धरला तर त्याची क्षमता खऱ्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून आम्ही सारखं सांगत असतो की बोटं नुसती टेकवा, पकडू नका. जिममध्ये तेच घडतं, फक्त सांगायला कोणी नसतं. शेजारच्या आरशात बाजूने बघा. माणूस दांड्याला मागे लटकलेला असतो आणि शरीर पट्ट्याशी काटकोनात. म्हणजे त्याने चढ स्वतःपुरता सपाट करून घेतला आणि उरलेला भार हातांवर टाकला. समोरच्या पडद्यावरचा कॅलरीचा आकडा मात्र पूर्ण १२ चाच हिशोब लावत राहतो, कारण हात कुठे आहेत हे मशीनला कळत नाही. साधी परीक्षा आहे: हात सोडा. लगेच मागे सरकायला लागलात, तर चढ तुमच्यासाठी जास्त आहे. हात सोडून, नेहमीसारखे हलवत चालता येईल इतका तो खाली आणा. बटण दाबताना किंवा तोल गेल्यावर बोटं टेकवायला हरकत नाही.

आता चढाचं गणित, एकदाच सांगतो. ताशी ४.८ ने सपाटीवर चालायला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या साधारण अडीचपट १२ टक्क्यांच्या चढावर लागतो. ते जवळजवळ सपाटीवर ताशी ८ किमीने पळण्याइतकं होतं. पण पळताना दोन्ही पाय हवेत असतात आणि दर पावलाला शरीराच्या दोन-तीन पट जोराने जमिनीवर उतरतात. चालताना एक पाय कायम खाली असतो आणि हा जोर वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो. म्हणून तुमची नडगी पळताना ओरडते आणि चढावर गप्प राहते. हृदय-फुप्फुसांना काम तेच मिळतं, फक्त आदळआपट वगळून.

पैलवानांचा विश्रांती कमी करण्याचा सल्ला तुमच्यासाठी उलटा पडेल. आधीच श्वासामुळे सेट अर्धवट राहतोय, विश्रांती कापली तर वजनही कमी करावं लागेल आणि ताकद वाढणं थांबेल.

आप्पा_नाशिक

सुनबाई, माझं वय ७१. गुडघ्यांची झीज आहे. डॉक्टरांनी जिने टाळा म्हणून सांगितलं आहे. तुम्हीही गुडघे सांभाळा, सपाट मैदानावर सकाळी अर्धा तास चाला, पुरे. मी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतो. मुलाने मनगटाला घड्याळ बांधून दिलंय आणि ठोके १२० पर्यंत न्या म्हणतो, पण माझे ९५ च्या वर जातच नाहीत. म्हणजे मी कमी पडतोय का?

सुहास_टीएमटी

आप्पा, तुम्ही अजिबात कमी पडत नाही. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, ते तिचं कामच आहे. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्याने घड्याळाचा आकडा सोडून बोलून बघायचं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरेसा. मुलाला १२० चा हट्ट सोडायला सांगा, आणि वेग वाढवायचा झाला तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

भौतिकवेडा

एक मूलभूत शंका. ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागीच असतो. त्याची उंची वाढत नाही, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध निव्वळ काम शून्य. डोंगर चढल्यावर तुमच्या शरीरात स्थितिज ऊर्जा साठते, इथे काहीच साठत नाही. मग चढाचा खर्च आला कुठून? मला तर हे थोडं जास्त वाकवलेल्या घोट्याने सपाटीवर चालणं वाटतं.

सुहास_टीएमटी

साठत नाही हे बरोबर, पण खर्च होत नाही हे चूक. पट्टा तुम्हाला सतत मागे आणि खाली नेतोय. जागेवर राहण्यासाठी प्रत्येक पावलाला तुम्ही स्वतःला तेवढंच वर ढकलता. पाय जी ऊर्जा देतो ती उंचीत साठण्याऐवजी पट्ट्यात जाते, म्हणून जास्त चढावर वजनदार माणूस चालत असला की मोटारला पट्टा ओढावा लागत नाही, उलट रोखून धरावा लागतो. पट्ट्यावर उभं राहून त्याच्या नजरेने बघितलंत तर तो साधा, एकसारख्या वेगाने चढायचा डोंगर आहे. आणि तोंडाला नळी लावून प्राणवायू मोजला की चढाचा खर्च सरळ दिसतो.

भौतिकवेडा

पट्ट्याची चौकट धरली तर मान्य. मोटारचा मुद्दा आवडला.

फिजिओ_डोंबिवली

चर्चा हृदयाची चालली आहे, मी घोट्याकडे वळवते. चढाचं मशीन लोकप्रिय झाल्यापासून माझ्याकडे टाचेच्या मागच्या शिरेची, म्हणजे अकिलीसची दुखणी घेऊन येणारे वाढलेत. कारण सरळ आहे. १२ टक्के चढ म्हणजे जवळपास ७ अंश. बूट तेवढाच तिरका बसतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला पोटरी ताणलेल्या अवस्थेतून ढकलायला लागते. अर्ध्या तासात अशी तीनेक हजार पावलं होतात. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतो, शिरेला महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस चढ वाढवतो आणि शीर मागे राहते.

ओळखायचं कसं? व्यायाम चालू असताना बहुतेक वेळा काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं बघा. टाचेच्या मागे ताठरपणा आला आणि चार-पाच मिनिटांत गेला, रोज तेवढाच राहिला, तर आहे त्याच चढावर थांबा. आजचा ताठरपणा कालच्यापेक्षा जास्त असेल, किंवा शीर चिमटीत धरल्यावर दुखत असेल, तर चढ निम्मा करा. लोक अशा वेळी वेग कमी करतात आणि चढ तसाच ठेवतात. त्याने शिरेचा ताण फारसा उतरत नाही.

आप्पांनी गुडघ्याचा विषय काढला म्हणून आणखी एक. जिने गुडघ्याला वाईट, हे अर्धं खरं आहे. चढताना सांध्यावर सपाट चालण्यापेक्षा जास्त भार येतो, उतरताना त्याहूनही जास्त. शिवाय उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, आणि दुसऱ्या दिवशीची ठणक मुख्यतः त्यातूनच येते. ट्रेडमिलच्या चढाला आणि फिरत्या पायऱ्यांच्या मशीनला उतारच नाही. स्क्वॉट करणाऱ्या नवख्या माणसासाठी हा मोठा फायदा आहे: दमाचं काम होतं आणि मांड्या ठणकत नाहीत. आप्पांच्या झिजलेल्या गुडघ्याला मात्र चढही जपूनच.

गडवेडी

उतार नाही हा फायदा म्हणताय, मला तो तोटा वाटतो! आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी पावसाळ्याआधी कोणीतरी महिनाभर ट्रेडमिलचा चढ करून येतं. गड मस्त चढतात आणि उतरताना निम्म्यात पाय थरथरायला लागतात. मांड्यांना उताराची सवयच नसते.

मी जिने करते. आमची इमारत १४ मजली आहे. वर पायऱ्यांनी, खाली लिफ्टने, असं तीन-चार वेळा. ट्रेकच्या आधी काही आठवडे एखादी फेरी उतरूनही येते. रविवारी पर्वती. तिथल्या १०३ पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, इमारतीच्या जिन्यापेक्षा पायाला सोप्या जातात. ज्यांना मशीन मिळत नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा आणि टाचेतून रेटा. नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटरीच भरून येते आणि कुल्ल्याचा स्नायू झोपलेला राहतो. आणि सोसायटीचा जिना पुसल्यावर लगेच जाऊ नका, ओल्या कडाप्प्यावर पाय सटकतो.

पैलवान_सातारा

विश्रांतीचा मुद्दा मान्य, श्वासाने सेट तुटत असेल तर ती कापून उपयोग नाही. पण कार्डिओने ताकद मारली जाते हे मी हवेत बोललो नव्हतो. यावर परदेशात प्रयोग झालेत, जोडीने दोन्ही करणाऱ्यांची ताकद थांबली म्हणून.

सुहास_टीएमटी

झालेत ना. रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० चा प्रयोग म्हणत असाल तुम्ही. त्यात लोक आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस चाळीस-चाळीस मिनिटं कष्टाचं पळणं-सायकल करत होते, एकूण दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकदसुद्धा पहिले सातेक आठवडे वाढतच होती, नंतर अडली आणि शेवटी थोडी घसरली. मेघनाताईंचा बेत त्याच्या आसपासही नाही. पुढच्या अभ्यासांना एकत्र पाहिलं तर असंही दिसलं की पळण्याने पायांची ताकद जास्त अडते, सायकलने कमी. चढावरचं चालणं या दोघांत कुठे बसतं याबद्दल मी छातीठोक बोलणार नाही, पण आदळणं नाही आणि उतार नाही, म्हणून मी ते सायकलच्या बाजूला धरतो.

एक मात्र पक्कं: आधी वजनं, मग चढ. उलट केलं तर पोटऱ्या आणि कुल्ले दमलेले असताना स्क्वॉट करावा लागतो, आणि तिथे आकार बिघडतो.

'चढ लावला की पायांचा व्यायाम नको' हे मात्र नाही. तीन हजार हलकी पावलं आणि आठ जड स्क्वॉट ही वेगवेगळी मागणी आहे. पहिलीने दम वाढतो, दुसरीने ताकद. सुरुवातीला चढामुळे पाय थोडे भरतात, तेवढ्यावरून फसू नका.

मेघना_व

खूप खूप आभार सगळ्यांचे. आज हात सोडून बघितलं. १२ वर अर्धं मिनिट टिकले, नंतर मागे जायला लागले. ८ वर बोलता येत नव्हतं. ४ वर ताशी ४.२ ला नीट जमलं, घड्याळ १३०-१३५ दाखवत होतं आणि फोनवर आईशी बोलताही आलं. इतकं कमी चालेल का? की फिरत्या पायऱ्या घेऊ? त्या मशीनवर सगळ्यात कमी वेगालाही फेस आला.

सुहास_टीएमटी

इतकंच हवं आहे. तुमच्या वयाला कमाल ठोके अंदाजे १८३ धरू, ०.७ गुणिले वय २०८ मधून वजा केलं की साधारण तो आकडा येतो. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून आकड्यापेक्षा आईशी बोलता आलं हे जास्त महत्त्वाचं. १३०-१३५ सुरुवातीला ठीक आहे.

आता तुमचा आठवडा. सोमवारी आणि शुक्रवारी वजनं झाल्यावर १५ मिनिटं, ताशी ४.२, चढ ४. बुधवारी काही नाही, त्या दिवशी डेडलिफ्ट असेल तर कंबरेला आणि मांडीच्या मागच्या बाजूला पुरे झालेलं असतं. शनिवारी मोकळ्या दिवशी त्याच आकड्यांवर ३० मिनिटं. संध्याकाळी ट्रेडमिलला वीस मिनिटांची मर्यादा असते बऱ्याच जिममध्ये, म्हणून लांबचं सत्र सकाळी ठेवा.

वाढवायचं ते एका वेळी एकच. वेग तोच ठेवा. आधी १५ ची २० मिनिटं होऊ द्या. मग चढ एका टक्क्याने वर, तोही शेवटच्या मिनिटाला पूर्ण वाक्य बोलता येत असेल आणि सकाळी टाच कुरकुरत नसेल तरच. दोन्ही अटी हव्यात, कारण एक हृदयाची आहे आणि दुसरी शिरेची, आणि दोघी वेगवेगळ्या गतीने सुधारतात.

पायऱ्यांच्या मशीनवर फेस का आला तेही सांगतो. तिची पायरी साधारण २० सेंटीमीटरची. मिनिटाला २४ पायऱ्या झाल्या तरी तुम्ही पावणेपाच मीटर वर जाता. तुमच्या ४.२ वेगाला आणि ४ टक्के चढाला मिनिटाला तीन मीटरही होत नाहीत. म्हणजे त्या मशीनची पहिली पायरीच तुमच्या सध्याच्या मुक्कामाच्या वर आहे. चढ ७ पर्यंत गेला की पायऱ्या घ्या, आधी शनिवारच्या सत्रात मध्ये पाचच मिनिटं. तिथेही दांड्यावर ओणवं पडून कोपरं टेकवणारे दिसतील. तुम्ही सरळ उभ्या राहा.

आणि एक विचारायचं राहिलं. छातीत दडपण, चक्कर, किंवा घरात कमी वयात हृदयविकार, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. अशी धाप लागण्यामागे रक्त कमी असणं हेही कारण असतं, बायकांमध्ये तर फार वेळा. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.

अबुधाबीकर

घरच्या ट्रेडमिलवाल्यांसाठी. माझ्या मशीनला बटणाचा चढ नाही, मागच्या पायाची खीळ हलवून तीन जागा मिळतात. पुस्तिकेत नुसतं 'लेव्हल ३' लिहिलंय. फोनमधलं पाणसळ उघडून बाजूच्या पट्टीवर ठेवलं तर अडीच अंश आलं, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर. जिममधलं मशीनही एकदा असं तपासा. जमीन सारखी नसेल तर ते आकडा एक दाखवतं आणि तिरकं वेगळंच असतं. ट्रेडमिलचा आकडा टक्क्यांत असतो, अंशांत नाही, हे लक्षात ठेवा. १२ टक्के म्हणजे १२ अंश समजून मशीनच्या पुढच्या बाजूखाली विटा लावणारेही मी पाहिलेत. ते कृपया करू नका, मशीन सरकतं.

गडवेडी

मेघना, सुहास यांचा आराखडा छान आहे. पण महिन्यातून दोनदा तरी खरा उतार उतर, मग तो टेकडीचा का असेना. पाय ते विसरायला नकोत.

फिजिओ_डोंबिवली

गडवेडी, ट्रेक करायचा असेल तर नक्की. मेघनाचा प्रश्न स्क्वॉटच्या दमाचा आहे. तिने शुक्रवारी स्क्वॉट आणि शनिवारी टेकडीचा उतार असं केलं, तर सोमवारचा स्क्वॉट ठणकत्या मांड्यांवर होईल. सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी मी उतार बाहेर ठेवीन. शिवाय स्क्वॉटमध्ये ती हळू खाली जातेच की, तेही ब्रेकचंच काम आहे.

गडवेडी

स्क्वॉटचं खाली जाणं आणि हजार पायऱ्या उतरणं यात फरक आहे, मला नाही पटलं. पण तिला ट्रेकला न्यायचं ठरलं की मग भांडू.

मेघना_व

दीडेक महिन्याने परत आले. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा सुधारणेचं श्रेय कोणाला किती हे मला वेगळं सांगता येणार नाही, दोन्ही बरोबरच चाललंय.

जे बदललं ते असं. सुरुवातीच्या त्याच आकड्यांवर, ४.२ आणि ४ वर, मुद्दाम एकदा परत चालले. ठोके १३४ च्या जागी १२१. आता चढ ७ वर आहे, वेग तोच. स्क्वॉट साडेसत्तेचाळीस किलो, आठही रेप श्वास न तुटता होतात, आणि तीन मिनिटांच्या विश्रांतीत नाकाने श्वास घेण्यापर्यंत येते. मध्ये एकदा उत्साहात ६ वरून सरळ ९ केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या टाचेमागे ओढल्यासारखं झालं. फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे चढ निम्म्यावर आणला, चार दिवसांत गेलं.

आता पायऱ्यांचं मशीन शनिवारी पाच मिनिटं घेते. एक प्रश्न आहे. पायऱ्यांवर ठोके १४५ ला जातात, पण दम तितका लागत नाही, मांड्याच जास्त जळतात. ट्रेडमिलवर उलट आहे. हे चालेल?

सुहास_टीएमटी

हिमोग्लोबिनचं कळवलंत ते बरं झालं. ठोक्यांत फरक पडण्यात त्याचा वाटा नक्की आहे, दोन्ही हवंच होतं.

पायऱ्यांवर मांड्या आधी जळतात, कारण गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेतून प्रत्येक पावलाला पूर्ण वजन उचलता. चढावर काम पोटरी, कुल्ले आणि मांडी यांच्यात वाटलं जातं. चालेल, पण पायऱ्या शनिवारीच ठेवा, स्क्वॉटच्या आदल्या दिवशी नको. आणि ४.२ वर चढ ७ नीट बसलाय, तर आता पहिल्यांदा वेग हलवा: ताशी ४.५, चढ परत ६ वर आणून. हा चढ कमी करणं मागे जाणं नाही. एकूण काम जवळजवळ तेवढंच राहतं, आणि टाचेला उसंत मिळते.

पैलवान_सातारा

ताई, साडेसत्तेचाळीसला आठ रेप म्हणजे छान. मी आमच्या तालमीतल्या दोन पोरांना वजनं झाल्यावर १५ मिनिटं चढ सुरू करून दिलाय, हात सोडून. सुहासराव, त्यांचं वजन शंभरीच्या पुढे आहे. त्यांना सुरुवात ४ वरच ठेवू की त्याहून कमी?

सुहास_टीएमटी

तीनवर ठेवा आणि वेग ४ च्या आत. किलोमागे लागणारा प्राणवायू तेवढाच असला तरी त्यांच्या घोट्याला आणि शिरेला उचलायचं वजन जास्त आहे. पहिले तीन आठवडे दम कितीही उरला तरी चढ वाढवू देऊ नका. सकाळच्या पहिल्या पावलांबद्दल त्यांना रोज विचारा, पोरं आपणहून सांगत नाहीत.